भिजत घातलेला कुकर

प्रिय ‘सिंकग्रस्त, वाकड’,

तुझं पत्र दोनदा वाचलं. चार दिवसांपूर्वीच्या वरणाचा कुकर, पिठल्याची कढई, दोन पातेली, आणि घरातला शेवटचा स्वच्छ चमचा तू रात्री उशीखाली ठेवून झोपतोस! विचारलं की रूममेटचं ठरलेलं उत्तर, “भिजत घातलंय रे.” अरे, एवढ्या दिवसांत भिजत घातलेल्या मटकीला मोड येऊन तिची उसळसुद्धा संपली असती. कुकरला मोड येत नाहीत, नुसता वास येतो.

आधी तुझा संप मागे घे. ‘तो घासत नाही तर मीही घासणार नाही’ या भांडणात दरवेळी झुरळं जिंकतात, आणि ती भाड्यात वाटा देत नाहीत. फ्रिजवरच्या चिठ्ठ्याही काढ. चिठ्ठी वाचून कुणी घासणी हातात घेतल्याचं मी अजून पाहिलेलं नाही.

त्याच्याशी बोल, पण रात्री अकराला तो ऑफिसातून दमून आल्यावर नको. रविवारी सकाळी पोहे खाऊन झाले की सरळ सांग, “तुझी भांडी घासून मला राग यायला लागलाय.” मला मनापासून वाटतं, त्याला खरंच कळलेलं नाही. आपल्याकडे कितीतरी मुलगे बाविसाव्या वर्षापर्यंत ताट मोरीत ठेवतात आणि पुढच्या जेवणाला ते मांडणीवर लखलखीत सापडतं. मधे काय घडतं हे त्यांना कुणी दाखवलेलंच नसतं. भिजवलं की झालं, असं तो प्रामाणिकपणे समजत असणार.

तेव्हा त्याच दिवशी शेजारी उभं राहून शिकव. भात-वरणाचं भांडं तासभर भिजलं की पुरे. दुधाच्या आणि अंड्याच्या भांड्यात आधी गार पाणी, गरम घातलं की अंडं आणखी घट्ट धरतं. लोखंडी तवा तर भिजत घालायचाच नाही, गंजतो. आणि पिठल्याच्या कढईची खरपुडी उलथन्याने खरवडून त्यालाच खायला दे. कढई अर्धी तिथेच साफ होते आणि मुलगा खूश होतो. ही युक्ती मी कुणालाही फुकट सांगत नाही, तुझी उशी बघवेना म्हणून सांगितली.

नियम एकच ठेवा: एकाने रांधायचं, दुसऱ्याने घासायचं, झोपायच्या आत. दोघांनाही जमत नसेल तर मावशी लावा आणि पैसे निम्मेनिम्मे द्या. मात्र खरकटं काढून भांडी विसळून ठेवायची. चार दिवसांचं वाळलेलं पिठलं मावशींपुढे टाकणं मला मुळीच पसंत नाही, आणि त्या दुसऱ्या दिवशी आल्या नाहीत तर मी त्यांच्याच बाजूने बोलेन.

ता. क. ओट्याच्या कोपऱ्यातला तो उसळीचा बंद डबा गॅलरीत नेऊन उघड. दोघं मिळून.

तुझी,
सल्लेवाली मावशी