शाळेचा होमवर्क बंद करायचा का? आई विरुद्ध सर, आणि मत तुमचं

होस्ट: नमस्कार मंडळी! आधी खालच्या पोलमध्ये मत देऊन टाका, व्हिडिओ बघायच्या आधीच, शेवटी परत विचारणारे. होमवर्कवर बंदी हवी का नको? आज बंदीच्या बाजूने तिसरीतल्या मुलाची आई आणि विरोधात जिल्हा परिषद शाळेतले सर. दोघांना सारखाच वेळ, मधे कुणी कुणाला तोडायचं नाही. ताई, बोला.

आई: काल रात्री साडेनऊला पोरगं पेंगत होतं, पेन्सिल हातातून गळत होती आणि एकच वाक्य 20 वेळा लिहायचं होतं, शेवटचं 8 वेळा मी लिहिलं, अक्षर मुद्दाम वाकडं काढून. ह्यात तो काय शिकला सांगा ना? शाळा, ट्यूशन, होमवर्क, मग खेळायचं कधी? 2020 च्या स्कूल बॅग पॉलिसीत स्पष्ट आहे, दुसरीपर्यंत होमवर्क नको, तिसरी ते पाचवी जास्तीत जास्त 2 तास, तेही आठवड्याला! पाळतं कोण? म्हणून म्हणते बंदच करा. पोलंडने 2024 मध्ये चौथी ते आठवीचा होमवर्क ऐच्छिक केला, त्याला मार्कही नाहीत. आणि ज्या घरात शिकवणारं कुणी नाही, त्या लेकराने वही कोरी आणली तर ओरडा त्यालाच.

होस्ट: सर?

सर: ताई, 20 वेळा लिहायला लावणं चूकच, त्याची बाजू मी घेत नाही. पण माझ्या वर्गातलं सांगतो. 52 वजा 27, फळ्यावर उसना घेऊन सगळे बरोबर करतात, कळलं का विचारलं की होऽऽ. दुसऱ्या दिवशी वह्या तपासल्या तर एका मुलीचं उत्तर 35. म्हणजे तिने 7 मधून 2 वजा केले, उसना तिला कळलाच नव्हता, आणि मला ते वहीमुळे कळलं. वर्गात 40 पोरं, 35 मिनिटांचा तास, प्रत्येकाजवळ बसू कधी? अमेरिकेतल्या हॅरिस कूपर यांनी 2006 मध्ये बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला, सातवीपासून पुढे होमवर्क आणि मार्कांचा संबंध जास्त घट्ट दिसला, लहान वर्गांत कमी. मग सरसकट बंदी कशाला? उद्या बंद झाला तर ज्यांना परवडतं ते क्लास लावतील, माझ्या पोरांकडे वहीच आहे हो.

होस्ट: शेवटचं एकेक वाक्य.

आई: वही शाळेतच सोडवून घ्या ना सर, शाळेचा शेवटचा अर्धा तास तेवढ्यासाठीच ठेवा.

सर: तो अर्धा तास मिळाला तर आनंदच आहे, पण धडे तेवढेच आणि दिवस तेवढाच, कुठला विषय कापू ते सांगा.

[स्क्रीनवर पोल]
1. पूर्ण बंदी हवी
2. बंदी नको
3. फक्त पाचवीपर्यंत बंदी

होस्ट: आता परत मत द्या. सुरुवातीचं मत बदललं असेल तर कुणाच्या कुठल्या वाक्याने बदललं ते कमेंटमध्ये लिहा, आणि घरात शाळेत जाणारं मूल असेल तर फोन त्याच्या हातात द्या, त्याचंही मत येऊ दे.