वर्षांनंतर परत येणारं दुःख

ख्रिस्तात प्रिय बंधुभगिनींनो,

नाताळ तोंडावर आलाय. नागपुरात थंडी पडली, बाजारात संत्र्यांचे ढीग लागले. आणि तुमच्यातल्या काहींच्या पोटात गोळा येऊ लागला. बाबांना जाऊन सात वर्षं झाली, तरी करंजीचं सारण चाखून "साखर कमी आहे गं" म्हणणारं कुणी नाही, म्हणून आईचा हात परातीतच थांबतो.

लोक म्हणतात, आता तरी सावरा. असं म्हणू नका, हात जोडून विनंती आहे.

उत्पत्तीचा 48वा अध्याय बघा. याकोब म्हातारा, आजारी, नजर मंदावलेली. योसेफ आपल्या दोन्ही मुलांना घेऊन आलाय. वारशाचं बोलणं चाललंय. आणि मध्येच, कुणी विचारलेलं नसताना, याकोब राहेलविषयी बोलू लागतो: एफ्राथच्या वाटेवर ती गेली, तिथेच तिला पुरलं. किती वर्षं लोटली होती! तेव्हा लहान असलेल्या योसेफाची मुलं आता समोर उभी आहेत. याकोबाचा विश्वास कमी पडला का? मुळीच नाही. त्याच बैठकीत तो नातवांना आशीर्वाद देतो.

तेव्हा स्मृतिदिनाला रडू आलं तर येऊ द्या. लाजराच्या कबरेपाशी प्रभूही रडला, त्याला उठवणार हे ठाऊक असताना. यंदा फराळ करवत नसेल तर करू नका. मंडळीतले आणून देतील, द्यायलाच हवं. गेलेल्याचं नाव घरात मोकळेपणाने घ्या, मुलांसमोरही.

उपासनेनंतर मी इथेच थांबतो. आपल्या माणसाचं नाव घेऊन प्रार्थना करायची असेल, त्यांनी या. घाई नाही.