वाचनालय कार्यकारी समिती : बैठकीचे टिपण आणि इतिवृत्त

समिती सदस्यांना नमस्कार. शनिवारच्या बैठकीत वहीत टिपलेले मुद्दे जसेच्या तसे वर ठेवले आहेत, खाली त्यांचेच इतिवृत्त आहे. ५ आणि ६ हे मुद्दे एकाच विषयाचे वाटतात, पण एक मंजूर झाला आणि दुसरा लटकलेला आहे, म्हणून ते एका वाक्यात घातलेले नाहीत.

टिपण
१. मागचे इतिवृत्त कायम. दुरुस्ती – खुर्च्या २० नव्हे, १२
२. वेळ संध्या. ७ ऐवजी ८ पर्यंत, १ तारखेपासून, महिनाभर प्रयोग
३. जादा तास – दोन्ही सहायक आलटून पालटून
४. संगणक नोंदणी – कादंबऱ्या पूर्ण, संदर्भग्रंथ बाकी
५. परतीच्या तारखेआधी २ दिवस आठवणीचा मेसेज – मंजूर
६. विलंब शुल्क वाढ – खजिनदार हो, ग्रंथपाल नको. निर्णय नाही, पुढच्या बैठकीत
७. पश्चिमेची खिडकी गळते – कपाट आजच हलवणे
८. तिची दुरुस्ती – दोन दरपत्रके, चिटणीस
९. फाटकी पुस्तके – बांधणीसाठी यादी, ग्रंथपाल, शुक्रवार
१०. पुढची बैठक – दुसरा शनिवार, सायं. ५

इतिवृत्त
मागील बैठकीचे इतिवृत्त एका दुरुस्तीसह कायम करण्यात आले : त्यात खुर्च्यांची संख्या २० अशी पडली होती, ती १२ अशी वाचावी. त्यानंतर वाचनालय संध्याकाळी ७ ऐवजी ८ वाजेपर्यंत उघडे ठेवण्याचे ठरले. हा बदल १ तारखेपासून महिनाभर प्रयोग म्हणून राहील. वाढलेल्या तासाचे काम दोन्ही सहायक आलटून पालटून पाहतील.

पुस्तकांच्या संगणकीय नोंदणीत कादंबऱ्यांचे काम पूर्ण झाले असून संदर्भग्रंथ अजून बाकी आहेत. वाचकांना पुस्तक परत करण्याच्या तारखेआधी दोन दिवस आठवणीचा मेसेज पाठवण्यास समितीने मंजुरी दिली. विलंब शुल्क वाढवावे की नाही, यावर मात्र एकमत झाले नाही. खजिनदार वाढीच्या बाजूने होते, ग्रंथपालांचा तिला विरोध होता. त्यामुळे याबाबत कोणताही निर्णय झाला नाही आणि विषय पुढच्या बैठकीवर ठेवला आहे.

पश्चिमेकडच्या खिडकीतून पाणी गळत असल्याने तिथले कपाट त्याच दिवशी हलवण्याचे ठरले. खिडकीच्या दुरुस्तीसाठी चिटणीस दोन दरपत्रके मागवतील. बांधणीला द्यायच्या फाटक्या पुस्तकांची यादी ग्रंथपाल शुक्रवारपर्यंत करतील. पुढची बैठक दुसऱ्या शनिवारी सायंकाळी ५ वाजता होईल.

टिपणातला एखादा मुद्दा इतिवृत्तात सापडला नाही, किंवा कुणाच्या नावावर भलतेच काम चढलेले दिसले, तर गुरुवारपर्यंत कळवावे.

– चिटणीस