अंक दुसरा, प्रवेश तिसरा : सावकार पाणी मागतो
(यात्रेच्या नाटकासाठी नव्याने लिहिलेला प्रवेश)

तालमीआधी वाचा. जुन्या वहीत या जागी आप्पासाहेब सावकार पाय आपटत येतो, मिशीला पीळ देतो, "तुझ्या घरादाराची राख करीन" म्हणून ओरडतो आणि अर्ज फाडून टाकतो. लोक टाळ्या वाजवतात. भीत कोणी नाही. आपल्या आज्ज्यांना जमिनीवरनं ज्यांनी उठवलं, त्यांतल्या कुणी आवाज चढवल्याचं मी तरी घरात ऐकलं नाही. ते संध्याकाळी येऊन कट्ट्यावर बसायचे, म्हातारीची तब्येत विचारायचे. म्हणून राखेचं वाक्य काढलं. अर्ज फाडायचा नाही. हसायचं नाही. मिशी नको. ऑर्गन आणि ढोलकी या प्रवेशात पूर्ण बंद.

काळ नक्की धरा : जून १९७९. कर्नाटकातल्या जमीन सुधारणा कायद्याने १ मार्च १९७४ पासून कुळांकडची जमीन सरकारजमा झाली. कसणाऱ्याने फॉर्म नंबर सात भरून ट्रिब्युनलकडे मागायची. मुदत वाढत वाढत आता ३० जूनवर आली आहे. यल्लाप्पाचा फॉर्म भरून ट्रंकेत पडला आहे.

(मार्कंडेय नदीकाठचं गाव. यल्लाप्पाचं घर, बाहेर कट्टा. दिवेलागण. यल्लाप्पा दोर वळतोय. लक्ष्मी उंबऱ्यात तांदूळ निवडतेय. आप्पासाहेब एकटाच येतो, चप्पल कट्ट्याखाली नीट जोडून काढतो.)

आप्पासाहेब : ऊठ नको गा, ऊठ नको. दोर सुटंल तुझा. बसतो मी हितंच. लक्ष्मी, तांब्याभर पाणी दे बघू.

(पाणी येतं. सावकाश, पूर्ण पितो. तांब्या पालथा घालतो.)

गोड हाय. माझ्या आज्ज्यानं खणलेली हीर ही. तुझी आई ह्या घरात नांदायला आली, तवापास्नं हेच पाणी पितेय. आता किती वय झालं तिचं? ऐंशी असंल. ह्या वयात माणसाला पाणी बदलून मानवत नाही बघ. आमची आत्या बेळगावला लेकाकडं गेली, चार म्हयन्यांत संपली. म्हातारीला जप.

(थांबा. यल्लाप्पाचा दोर थांबतो. सावकाराला ते दिसतं, पण तो तिकडे बघत नाही.)

भात बरं उगवलंय तुझं. येताना बघितलं. धूळवाफेला पेरलंस, बरं केलंस. बांधाकडच्या वाफ्यात जरा विरळ हाय, तिथं पाखरं बसत्यात. पुढच्या साली... बघू पुढच्या सालचं.

भरमाचं कळलं न्हवं तुला? पाय मोडला त्याचा. रात्रीचं कुठनं पडला, त्यालाच सांगता येईना. मीच गाडी जोडून दवाखान्यात नेलं. प्लास्टर घातलंय. दीड म्हयना उठायचं नाही म्हणाला डॉक्टर. पैसे मीच भरले, गरीब माणूस तो. वाटेत सारखं तुझंच नाव काढूलालता. "यल्लाप्पाच्या साक्षीला जायचं होतं" म्हणाला. मी म्हटलं, पड गप, पाय बरा होऊ दे पयला.

(लक्ष्मीचं सूप हलायचं थांबतं.)

फॉर्म भरलायस म्हणं. आण की, बघतो. आण, आण. घाबरतोस कशाला, मी काय खाणार हाय काय त्याला?

(यल्लाप्पा लक्ष्मीकडे बघतो. आत जातो, ट्रंकेचा आवाज. कागद आणून देतो. सावकार हात धोतराला पुसतो, मगच घेतो. चष्मा लावतो. सगळा वाचतो. इथे घाई केली तर प्रवेश गेला. मनात वीस मोजा.)

अक्षर चांगलं हाय. सर्वे नंबर बरोबर. तीन एकर बारा गुंठे, बरोबर. बापाचं नाव तेवढं चुकलंय. नागाप्पा पायजे, हितं निंगाप्पा पडलंय. तुला कन्नड वाचता येत नाही, म्हणून सांगितलं. मी खोटं सांगीन असं वाटत असंल तर परशाला विचार. कॉलेजात जातो, त्याला येतं. आला की विचार.

आणि हे बघ, हितं लिवलंय, खंड भरल्याच्या पावत्या जोडा. तुझ्या बापाला आमच्या बापानं पावती दिलती काय कधी? मी तुला दिली? आपल्यात पावती कशाला लागत होती, यल्लाप्पा? पोतं घरात आलं की आलं. उताऱ्यात कसणाऱ्याच्या रकान्यात माझंच नाव चालत आलंय. साहेब विचारतील, हा कोण? मी काय सांगू? गडी म्हणून सांगायला मला तरी बरं वाटंल काय? सालाचा गडी म्हटलं की संपलंच तिथं. तुझ्या बापानं मला खांद्यावर बसवून यात्रा दाखवलीय.

(कागद जुन्याच घडीवर दुमडतो आणि यल्लाप्पाच्या हातात परत देतो. त्याची बोटं कागदावर मिटवतो.)

ठेव. नीट ठेव. पावसाळा हाय, ओल लागंल. तीस तारीख शेवटची. आज सतरा. तेरा दिवस हायत. पुष्कळ झाले. मी "भरू नको" म्हणत नाही. कायदा तुझ्या बाजूचा हाय, मी कोण नको म्हणणारा?

(उठतो. चप्पल घालतो. दोन पावलं जातो, वळतो.)

अंधार पडूलालाय. परशा अजून आला नाही?

यल्लाप्पा : शेवटच्या गाडीनं येतोय, सावकार.

आप्पासाहेब : हां. फाट्यावर उतरतो, नऊ वाजत्यात. मग चालत. पयला चिंचंपाशी थांबून पाणी पितो, मग माझ्या उसातनं येतो. जवळ पडतं त्याला. निळी पिशवी असत्या खांद्याला.

(शांतता.)

ऊस आता डोक्याच्या वर गेलाय. आतलं माणूस भायेर दिसत नाही. आमची कुत्री आधी भुंकायची त्याच्यावर. आता भुंकत नाहीत, वळखीचा झालाय. कंदील देत जा त्याला, लक्ष्मी. एकुलतं एक पोर.

लक्ष्मी : (उभी राहून) सावकार...

आप्पासाहेब : च्या नको, उशीर झाला. म्हातारीला सांग, मी येऊन गेलो. आणि दोर जरा घट्ट वळ गा, बैल तरणा हाय तुझा.

(जातो. चालण्याचा वेग आला तेव्हा होता तेवढाच. विंगेत दिसेनासा झाल्यावर दूर एक कुत्रं एकदाच भुंकतं आणि गप्प होतं. हा आवाज विंगेतून माणसाने काढायचा, रेकॉर्ड नको.

यल्लाप्पा हातातला कागद उलटा-सुलटा करतो, दिव्याजवळ नेऊन ते नाव शोधतो. त्याला एकही अक्षर लागत नाही. जाळायला नेतोय असं वाटू देऊ नका, त्याला फक्त वाचायचं आहे.

लक्ष्मी कंदिलाची काच पुसते. हात थरथरतोय, वात लागत नाही. तिसऱ्या काडीला लागते. ती कंदील घेऊन वाटेला लागते. यल्लाप्पा कागद छातीशी धरून तिच्यामागे दोन पावलं जातो, आईचा खोकला ऐकून थांबतो. पडदा पाडू नका. दिवा तेवढा बारीक करा. प्रवेश चौथा याच कट्ट्यावर सुरू होतो.)