बाळाचं लसीकरण कार्ड कसं वाचायचं

नमस्कार ताई, दादा. आज बाळ रडत होतं, त्यामुळे कार्ड नीट समजावता आलं नाही. ते समोर घेऊन हे वाचा.

रकान्यात शाईने तारीख आणि सही असेल तर लस दिलेली आहे. पेन्सिलीची तारीख म्हणजे लस अजून द्यायची आहे.

6 जानेवारी 2025 ला, जन्माच्याच दिवशी, बीसीजी, कावीळ ब आणि पोलिओची ‘शून्य मात्रा’ झाली. ही शून्य मात्रा पुढच्या मोजणीत धरत नाहीत. बीसीजीमुळे डाव्या दंडावर फोड येऊन फुटला असेल, तर ते अपेक्षितच आहे. त्यावर मलम किंवा हळद लावू नका, दाबू नका. व्रण आपोआप राहील.

17 फेब्रुवारीला सहा आठवड्यांच्या लसी झाल्या: पेंटाव्हॅलंट, तोंडावाटे पोलिओ आणि रोटाव्हायरसचे थेंब, पोलिओचं इंजेक्शन, न्यूमोनियाची पीसीव्ही. पेंटाव्हॅलंट घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ ब आणि हिब या पाच आजारांपासून वाचवते, म्हणून एका टोचणीत इतकं काम होतं.

आता ‘ताप, पुढे ढकलले’ हा शेरा. दहा आठवड्यांच्या लसी 17 मार्चला होत्या, पण त्या दिवशी बाळाला जास्त ताप होता. साध्या सर्दीसाठी मी लस थांबवत नाही, तेव्हा मात्र थांबवली. आज, 24 मार्चला, पेंटाव्हॅलंट, पोलिओ थेंब आणि रोटाव्हायरसची दुसरी मात्रा दिली. उशीर झाला म्हणून आधीची मात्रा वाया जात नाही, पहिल्यापासून सुरुवातही करावी लागत नाही. पण दोन मात्रांत किमान चार आठवडे हवेत, म्हणून 14 एप्रिलची तारीख खोडून 21 एप्रिल लिहिली आहे. त्या दिवशी पेंटाव्हॅलंट, पोलिओ थेंब आणि रोटाव्हायरसची तिसरी मात्रा असेल. पोलिओ इंजेक्शन आणि पीसीव्हीची दुसरी.

‘डा. मांडी’ म्हणजे आज डाव्या मांडीत टोचलं. तिथे थोडी सूज, गाठ, एक-दोन दिवस ताप येऊ शकतो. अंगावरचं दूध पाजत राहा. तापाचं औषध सांगितलेल्या मापानेच द्या, टोचलेली जागा चोळू नका. झटके आले, बाळ मलूल पडलं, श्वासाला त्रास झाला, किंवा तीन तासांहून जास्त सलग रडत राहिलं, तर माझ्या फोनची वाट न बघता थेट दवाखाना गाठा आणि कार्ड सोबत न्या. बारीक अक्षरातला बॅच क्रमांक अशा वेळी लागतो. कोणत्या साठ्यातली लस होती हे त्यावरून कळतं.

एप्रिलनंतर मोठी खंड पडते, आणि नेमकी इथेच बरीच घरं मागे पडतात. 6 ऑक्टोबरला नऊ महिने पूर्ण होतील. तेव्हा गोवर-रुबेला, पोलिओ इंजेक्शनची तिसरी मात्रा, पीसीव्हीची बूस्टर आणि अ जीवनसत्त्वाचा पहिला डोस राहील. ही तारीख आजच फोनमध्ये टाकून ठेवा. त्याआधी गावी किंवा माहेरी जाणार असाल तर कार्ड बरोबर घ्या, तिथल्या केंद्रातही लस मिळेल. दोन्ही बाजूंचा फोटोही काढून ठेवा.