या आठवड्याची कामं: चार चौकटी

१. तातडीचं आणि महत्त्वाचं
- रसायनशास्त्राचं जर्नल: बुधवारी तपासणी. ३ प्रयोगांच्या आकृत्या बाकी, सोमवारी रात्रीच संपवायच्या.
- परीक्षेचा फॉर्म: मुदत शुक्रवार संध्याकाळी ५. शेवटच्या तासात साइट अडकते, म्हणून मंगळवारीच भरायचा.

२. महत्त्वाचं, पण तातडीचं नाही
- गणित: इंटिग्रेशनची उदाहरणं, रोज सकाळी ७ ते ८. परीक्षा महिनाभरावर आहे, म्हणूनच हा तास कुणालाही द्यायचा नाही. ही चौकट दुर्लक्षित राहिली की पुढच्या महिन्यात सगळं पहिल्या चौकटीत येऊन पडतं.
- प्रोजेक्ट: गुरुवारी मॅडमना भेटायचं. त्याआधी २ पानांचा आराखडा.
- झोप: रात्री ११:३० ला दिवा बंद. हेही कामच, म्हणून इथे लिहिलंय.

३. तातडीचं, पण महत्त्वाचं नाही
- कार्यक्रमाच्या ग्रुपवरचे मेसेज: दुपारी एकदाच. पोस्टर मैत्रिणीकडे सोपवलं, तिला ते मनापासून आवडतं.
- लायब्ररीचं पुस्तक: सोमवारी जाता जाता परत.

४. दोन्ही नाही
- रील्स.
- जुन्या नोट्स सुंदर अक्षरात पुन्हा उतरवणं. अभ्यास झाल्यासारखा वाटतो, त्यामुळे रील्सपेक्षा जास्त वेळ यातच जातो. या आठवड्यात बंद.

सोमवारी जागरण झालं, तर मंगळवारचा गणिताचा तास संध्याकाळी ६ ला.