रजेवर: 8 ते 19 जून, तातडीच्या कामासाठी निखिल यांच्याशी संपर्क साधावा

नमस्कार,

तुमचा मेल पोहोचला. मी सोमवार, 8 जून ते शुक्रवार, 19 जून रजेवर आहे आणि या काळात मेल पाहणार नाही. सोमवार, 22 जूनला कामावर येईन.

तोपर्यंत थांबण्यासारखं काम नसेल, तर माझे सहकारी निखिल यांना production@example.com या पत्त्यावर लिहा. विषयात पुस्तकाचं नाव आणि ‘तातडीचे’ हा शब्द टाका. त्यांचं उत्तर कामकाजाच्या एका दिवसात येईल. त्याहूनही घाई असेल, तर आमच्या नेहमीच्या कार्यालयीन क्रमांकावर फोन करून एक्स्टेंशन 24 मागा. सोमवार ते शुक्रवार, सकाळी 10 ते संध्याकाळी 6 या वेळेत ते भेटतील.

हा मेल आपोआप त्यांच्याकडे जात नाही, त्यांना तो पुन्हा पाठवावा लागेल. माझ्या मेलमध्ये लेखकांची अप्रकाशित हस्तलिखितं आणि मानधनाचे तपशील असतात, म्हणून माझा इनबॉक्स दुसऱ्या कोणालाही उघडता येत नाही. तसदीबद्दल क्षमस्व.

चालू असलेल्या प्रत्येक पुस्तकाची प्रुफं कुठवर आली आहेत आणि छपाई कधी आहे, हे निखिल यांना ठाऊक आहे. शेवटच्या क्षणी सापडलेली चूक, मुखपृष्ठाची मंजुरी, प्रेसवर न पोहोचलेला कागद, अशा बाबतींत निर्णय घ्यायचा पूर्ण अधिकार त्यांना आहे. त्यासाठी माझी वाट पाहू नका. एकदा प्लेटा निघाल्या की एका वेलांटीची दुरुस्तीही महाग पडते. नवी कोटेशनं आणि करारातले बदल मात्र मी आल्यावरच पाहीन.

परतल्यावर दोन आठवड्यांचे मेल साचलेले असतील. ते आलेल्या क्रमाने वाचून प्रत्येकाला गुरुवार, 25 जूनच्या संध्याकाळपर्यंत उत्तर देईन. तुम्ही हस्तलिखित पाठवलं असेल, तर त्या दिवसापर्यंत फक्त पोच मिळेल. अभिप्राय शुक्रवार, 10 जुलैपर्यंत कळवेन, कारण हस्तलिखित घाईत वाचणं मला योग्य वाटत नाही. 25 तारीख उलटूनही माझ्याकडून काहीच आलं नाही, तर जरूर आठवण करा.

प्रेस आणि बाइंडरना एक विनंती. रजेच्या काळात मी कोणालाही बँक खात्याचा तपशील किंवा आगाऊ रक्कम मागणारा मेल पाठवणार नाही. माझ्या नावाने असा मेल आलाच, तर त्याला उत्तर न देता आधी निखिल यांना फोन करा.

हे उत्तर प्रत्येकाला एकदाच जातं. तुमच्या पुढच्या मेलला ते आलं नाही, तरी तो मेल माझ्याकडे पोहोचलेला असेल.

आपली,
मेधा
ग्रंथनिर्मिती विभाग